गरीब लेखकाचं पुडिंग आणि पुरणाचं कार्ड: रेसिपी छोटी कशी झाली?

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायलाच सोपा जाईल असं वाटतंय, कारण त्यात मापं आहेत आणि शेवटी एक कार्डही आहे. ज्यांनी ऑडिओ ऐकलाय त्यांना काही वाक्यं ओळखीची वाटतील. लिहिताना मी थोडी साफसफाई केली आहे, बाकी बोलणं तेच.

आजचा प्रश्न एकदम साधा आहे. एखादी लांबलचक पाककृती चार ओळींत बसवायची, पण क्रम हरवायचा नाही, मापं हरवायची नाहीत आणि “कधी थांबायचं” हेही हरवायचं नाही. हे जमतं का? आपल्याला वाटतं की हा मोबाइलच्या छोट्या स्क्रीनचा प्रॉब्लेम आहे. पण यावर लोक निदान पावणेदोनशे वर्षं डोकं लावतायत. त्यातल्या तीन बायकांची गोष्ट आज सांगतो. तिघींनी तीन वेगळी उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तरात काहीतरी मिळालं आणि काहीतरी सांडलं.

आधी काय होतं?

अठराव्या शतकातलं इंग्रजी स्वयंपाकाचं पुस्तक उघडलं, तर पाककृती म्हणजे एक सलग परिच्छेद असायचा. उदाहरणार्थ हॅना ग्लास यांचं १७४७ चं पुस्तक, जे तेव्हा भरपूर खपलं. “अमुक घ्या, मग तमुक करा, मग थोडं हे घाला” असं एका दमात. वर साहित्याची यादी नाही, खाली वेळ नाही. किती लोणी लागणार हे कळायला शेवटच्या वाक्यापर्यंत वाचत जायचं. मध्येच “आता भिजवलेले बदाम घाला” असं आलं की संपलं. बदाम भिजवलेत कोणी?

वेळेची तर वेगळीच मजा. घरोघरी घड्याळ नव्हतं, तेव्हा लोक प्रार्थनेनं वेळ मोजायचे. सर केनेल्म डिग्बी या इंग्रज गृहस्थांच्या पाककृती त्यांच्या मृत्यूनंतर, १६६९ मध्ये छापल्या गेल्या. त्यात चहाबद्दल सूचना आहे: चहावर गरम पाणी किती वेळ ठेवायचं, तर ‘मिसेरेरे’ नावाचं स्तोत्र अगदी सावकाश म्हणून होईल तेवढाच वेळ. हसू नका. आपण “कुकरच्या चार शिट्ट्या” म्हणतो तेव्हा वेगळं काय करतो? मिनिटं मोजायच्या ऐवजी जी गोष्ट स्वयंपाकघरात आपोआप ऐकू येते ती मोजतो. स्तोत्र ज्याला पाठ आहे त्याच्यासाठी ते उत्तम घड्याळ होतं. ज्याला पाठ नाही त्याच्यासाठी ती सूचना शून्य. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं उत्तर: एलायझा ॲक्टन, १८४५

एलायझा ॲक्टन १७९९ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स भागात जन्मल्या. त्या मुळात कवयित्री. १८२६ मध्ये त्यांचा कवितासंग्रह निघाला होता. पुढे त्या केंट परगण्यातल्या टनब्रिज गावात राहायला गेल्या आणि बरीच वर्षं घरातल्या चुलीवर पाककृती करून बघत राहिल्या. १८४५ मध्ये लंडनच्या लाँगमन या प्रकाशनानं त्यांचं ‘मॉडर्न कुकरी’ छापलं.

या पुस्तकात त्यांनी एक नवी गोष्ट केली, आणि ती नवी आहे हे प्रस्तावनेत स्वतः सांगितलंसुद्धा. पाककृती नेहमीसारखी परिच्छेदात लिहायची, पण तिच्या शेवटी एक छोटा सारांश द्यायचा. त्या सारांशात प्रत्येक जिन्नस, त्याचं नेमकं प्रमाण आणि शिजायला लागणारा वेळ. बास. सगळी पाककृती दोन-तीन ओळींत.

आपण एक प्रत्यक्ष बघू. पुस्तकात एका पदार्थाचं नाव आहे ‘गरीब लेखकाचं पुडिंग’. त्याच पुस्तकात ‘प्रकाशकाचं पुडिंग’ही आहे, आणि त्यात बदाम, साय वगैरे सगळी श्रीमंती आहे. बाईंनी कोणाला चिमटा काढला ते तुम्हीच ठरवा.

गरीब लेखकाच्या पुडिंगची कृती माझ्या शब्दांत अशी. एक क्वार्ट ताजं दूध घ्यायचं, म्हणजे साधारण १.१ लिटर. त्यात दालचिनी किंवा लिंबाची पातळ साल टाकून काही मिनिटं उकळायचं. चिमूटभर मीठ आणि तीन औंस साखर, म्हणजे साधारण ८५ ग्रॅम, घालायची आणि सगळं एका खोलगट भांड्यात ओतायचं. ते पूर्ण गार झालं की त्यात तीन अंडी चांगली फेटून मिसळायची आणि मिश्रण गाळून बेकिंगच्या भांड्यात घ्यायचं. वर ब्रेडचे काप मांडायचे, कडा काढलेले, अर्धा इंच जाड, दोन्ही बाजूंनी लोणी लावलेले, आणि एकमेकांना नीट चिकटून बसतील असे कापलेले. मग मध्यम आचेच्या ओव्हनमध्ये साधारण अर्धा तास.

आणि शेवटचा सारांश? त्यात दूध एक क्वार्ट, दालचिनी किंवा लिंबाची साल, साखर तीन औंस, थोडं मीठ, तीन अंडी, लोणी लावलेला ब्रेड आणि अर्धा तास भाजणं एवढंच.

बघा आता काय झालं. मापं सगळी आली. भाजायचा वेळ आला. जिन्नस ज्या क्रमानं वापरायचे त्याच क्रमानं आले, हेही छान. पण “पूर्ण गार झालं की” हे शब्द गळाले. आणि या पुडिंगमधला सगळ्यात धोक्याचा क्षण तोच आहे! अंड्यातली प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात. उकळत्या दुधात फेटलेली अंडी एकदम ओतली, तर दूध आणि अंडं एकजीव होण्याआधीच अंड्याचे पांढरे-पिवळे तुकडे तयार होतात. मग कितीही ढवळा, ते परत विरघळत नाहीत. ओव्हनमध्ये सगळं मिश्रण मिळून हळूहळू सेट व्हायला हवं होतं. त्याऐवजी गोड दुधात तरंगणारी बुर्जी मिळते.

म्हणजे ॲक्टनबाईंचा सारांश चुकीचा होता का? नाही. तो एकटा वापरण्यासाठी नव्हताच. आधी परिच्छेद वाचा, डोक्यात घ्या, मग ओट्यापाशी उभं राहिल्यावर माप विसरलात तर खाली नजर टाका, असं ते काम होतं. सारांश शेवटी ठेवण्यामागचं कारण मला तरी हेच दिसतं. एखाद्या पदार्थात काही बिनसण्यासारखं असेल, तर त्यासाठी त्या कृतीखाली वेगळी टीपही जोडायच्या. म्हणजे माहितीचे थर होते: पूर्ण गोष्ट, आठवणीसाठी यादी, आणि धोक्याची सूचना.

गडबड कधी होते? जेव्हा कोणी फक्त यादी उचलतो आणि बाकीचं सोडतो तेव्हा.

दुसरं उत्तर: इझाबेला बीटन, १८६१

सोळा वर्षांनी लंडनमध्ये इझाबेला बीटन यांचं घरकामावरचं जाडजूड पुस्तक आलं. ‘मिसेस बीटन’ हे नाव पुढे इंग्लंडमध्ये घराघरात पोचलं. पुस्तक आलं तेव्हा त्या जेमतेम पंचवीस वर्षांच्या होत्या, आणि १८६५ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी वारल्या. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाच्या.

बीटनबाईंनी ॲक्टनबाईंची यादी शेवटून उचलून सुरुवातीला आणली. आधी साहित्य, मग कृती, मग ठरलेल्या खणांत एकेक माहिती: वेळ किती, खर्च साधारण किती, किती माणसांना पुरेल, कोणत्या ऋतूत करायचं. आज आपण कुठलीही रेसिपी उघडली की हाच साचा दिसतो. खरं सांगायचं तर त्यांच्या पुस्तकातल्या बऱ्याच पाककृती दुसऱ्यांच्या पुस्तकांतून घेतलेल्या होत्या, ॲक्टनबाईंच्याही. ॲक्टनबाईंनी तर १८५५ च्या आवृत्तीतच तक्रार केली होती की लोक माझं काम नाव न घेता वापरतायत. १८५९ मध्ये त्या गेल्या, त्यामुळे बीटनबाईंचं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही.

पण साचा म्हणून बघितलं तर फायदा मोठा होता. बाजारात जाण्याआधी एक नजर टाकली की काय आणायचं ते कळतं. किती लोकांना पुरेल हे आधीच कळतं. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला हे लगेच ओळखीचं वाटलं. वर सगळे व्हेरिएबल जाहीर करायचे आणि खाली ते वापरायचे.

आणि तोटाही तोच आहे. माप वर राहिलं आणि कृती खाली. कृतीत लिहिलंय “साखर घाला”. किती? वर बघा. हात पिठानं भरलेत, नजर वर-खाली, वर-खाली. त्यात साखर दोनदा वापरायची असेल, अर्धी आत्ता आणि अर्धी नंतर, तर वरच्या यादीत नुसतं “साखर एक वाटी” असतं. कोणीतरी सगळी एकदाच ओतणारच.

वेळेच्या खणाचंही तसंच. बीटनबाईंनी मोठी गाजरं उकडायला पावणेदोन ते सव्वादोन तास सांगितलेत. आज वाचताना डोळे पांढरे होतात! पण त्या काळची मोठी, जून गाजरं आणि तेव्हाची मऊ भाजी खायची आवड धरली तर ते आकडे तेव्हा कोणाला खटकले नसतील. मुद्दा असा की नुसता घड्याळाचा आकडा लवकर शिळा होतो. गाजर बदललं, चूल बदलली, भांडं बदललं की आकडा खोटा ठरतो. “सुरी आरपार सहज जाईपर्यंत” असं लिहिलेलं मात्र आजही खरं राहिलं असतं. डिग्बींच्या स्तोत्राचा जो प्रॉब्लेम होता तोच घड्याळाचाही आहे. तुमची परिस्थिती लिहिणाऱ्यासारखी असेल तरच तो चालतो.

मापांचं कोडं अजून बाकी होतं. कृतींमध्ये “अक्रोडाएवढं लोणी” अशी मापं सर्रास असायची. १८९६ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनी आपल्या पुस्तकात कप आणि चमचा सपाट भरायचा, वरचा ढीग सुरीनं सारखा करून टाकायचा, यावर जोर दिला. आपल्याकडे हेच काम घरातल्या वाटी-चमच्यानं झालं. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’मध्ये मापं वाटी आणि चमच्यात आहेत, आणि नुकतं लग्न झालेल्या कितीतरी मुलींना ते पुस्तक हातात दिलं गेलं. तुमच्याही घरी एक हळदीचे डाग पडलेली प्रत असेल.

तिसरं उत्तर: अर्मा रॉम्बावर, १९३६

अर्मा रॉम्बावर अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या. १९३० मध्ये त्यांच्या नवऱ्यानं आत्महत्या केली. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, आणि स्वयंपाकात फार नाव असलेल्याही नव्हत्या. पण त्यांनी पाककृती गोळा केल्या आणि १९३१ मध्ये साठवलेल्या पैशांतून ‘जॉय ऑफ कुकिंग’च्या तीन हजार प्रती स्वतः छापून घेतल्या. चित्रं मुलीनं, मॅरियननं काढली.

या पहिल्या आवृत्तीत मांडणी नेहमीचीच होती. बदल झाला १९३६ मध्ये, जेव्हा इंडियानापोलिसच्या बॉब्ज-मेरिल या प्रकाशकांनी नवी आवृत्ती काढली. तिच्यात वरची यादी गायब! जिन्नस आणि त्याचं माप कृतीच्या आतच, ज्या क्षणी ते वापरायचं त्याच जागी, वेगळ्या ओळीवर ठळक अक्षरांत. आधी काम सांगायचं, खाली त्या कामाला लागणारं साहित्य मापासकट, मग पुढचं काम.

गरीब लेखकाचं पुडिंग या पद्धतीनं मी बसवून बघितलं:

काही मिनिटं उकळा:
दूध १.१ लिटर, दालचिनी किंवा लिंबाची साल
विरघळवा:
साखर ८५ ग्रॅम, मीठ चिमूटभर
पूर्ण गार होऊ द्या. मग मिसळा आणि गाळा:
फेटलेली अंडी ३
वर मांडा:
दोन्ही बाजूंनी लोणी लावलेले ब्रेडचे काप, अर्धा इंच जाड
मध्यम ओव्हनमध्ये अर्धा तास भाजा.

लांबी ॲक्टनबाईंच्या परिच्छेदापेक्षा कमी, पण “पूर्ण गार” शाबूत. कारण या साच्यात दोन साहित्यांच्या मध्ये एक जागा असते, आणि “थांबा” हा शब्द त्या जागेत आपोआप बसतो. यादीत त्याला बसायला जागाच नव्हती. माझ्या मते हीच या मांडणीची खरी कमाई आहे. क्रम, माप आणि वेळ तिन्ही एकाच ठिकाणी राहतात.

नुकसान काय? खरेदीला निघताना पूर्ण कृती वाचत साहित्य गोळा करावं लागतं. शिवाय आधीपासून करून ठेवायची कामं सुरुवातीला दिसत नाहीत. लोण्याचे काप चौथ्या पायरीवर येतात, पण ते दूध गार होताना लावून ठेवायचे असतात, हे कोण सांगणार? “दरम्यान” हा शब्द कृती लिहिणाऱ्यानं स्वतः घालावा लागतो.

आता आपलं पुरण

तिन्ही उत्तरं हातात आहेत. चला, एक मराठी घरातली कृती घेऊ. समजा आत्यानं भाच्याला पुरणपोळीसाठी व्हॉइस मेसेज पाठवलाय. आत्या बोलतात तसा:

“हे बघ, हरभऱ्याची डाळ घे एक वाटी, धुऊन दोनेक तास भिजत घाल. मग कुकरला लाव, पाणी तीन वाट्या, हळद जराशी. चार शिट्ट्या कर, मग गॅस बारीक करून दहा मिनिटं ठेव. डाळ बोटानं दाबली की पीठ व्हायला हवी, कळलं ना? मग पाणी काढून घे, फेकू नकोस हं, त्याची कटाची आमटी करायची. गूळ एक वाटी चिरून. डाळ शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही, नाहीतर ती दाणेदारच राहते. मध्यम आचेवर हलवत राहा, आधी पातळ होईल, घाबरू नकोस. उलथनं उभं राहिलं की झालं. गरम असतानाच यंत्रातून काढ, गार झालं की हात मोडतील तुझे. वेलची-जायफळ घाल. आणि हो, कणीक आधीच मळून ठेव रे बाबा, दीड वाटी, मीठ चिमूटभर, तेल घालून चांगली सैल. तासभर तरी मुरली पाहिजे.”

सगळी माहिती आहे, एक शब्दही फुकट नाही. पण बोलण्याचा क्रम आणि कामाचा क्रम वेगळा आहे. कणीक शेवटी आली, कारण आत्याला ती शेवटी आठवली. भाचा एकेक वाक्य ऐकत काम करत गेला, तर पुरण तयार आणि कणकेला अजून तासभर, अशी वेळ येणार. म्हणून छोटं करण्याआधी पहिलं काम: सगळं शेवटपर्यंत ऐकायचं आणि कशाआधी काय हवं ते मांडायचं. पोळीला दोन गोष्टी लागतात, मुरलेली कणीक आणि यंत्रातून काढलेलं पुरण. डाळ कुकरमध्ये गेल्यापासून पुरण गार होईपर्यंत साधारण तास-सव्वा तास जातो. म्हणजे कणीक मळायची जागा ठरली: कुकर लावल्यावर लगेच.

दुसरं काम: मापं क्रियापदाला चिकटवायची, रॉम्बावर पद्धतीनं. इथे वाटी म्हणजे १५० मिलि की २०० मिलि, याची काळजी नको. सगळीकडे तीच वाटी वापरा, कारण महत्त्वाचं आहे ते प्रमाण: डाळ आणि गूळ समान, पाणी डाळीच्या तिप्पट. प्रमाण पक्कं असेल तर माप दुप्पट करणंही सोपं जातं. वेळ मात्र दुप्पट होत नाही. जास्त पुरण आटायला किती जास्त वेळ लागेल हे भांडं किती पसरट आहे त्यावर ठरतं.

तिसरं काम: जिथे वेळ आहे तिथे खूणही ठेवायची. “१५–२० मिनिटं” हे घाई किती आहे ते ठरवायला उपयोगी, पण थांबायचं ते उलथनं उभं राहिल्यावर. घड्याळ आणि खूण भांडले तर खूण जिंकते.

चौथं काम: कारणं गाळायची, पण सगळी नाही. आत्याचं “घाबरू नकोस” जाऊ दे. मात्र जिथून मागे फिरता येत नाही, तिथला इशारा ठेवायचाच. पुरणात अशी एक जागा आहे: गूळ. कच्च्या डाळीत गूळ पडला की डाळ मऊ होणं जवळजवळ थांबतं. गूळ परत वेगळा काढता येत नाही, आणि कितीही शिजवलं तरी कण राहतातच. पुडिंगमध्ये हीच जागा अंड्यांची होती.

आता कार्ड:

पुरणपोळी, साधारण ८. एकूण साडेतीन-चार तास, त्यातले दोन तास नुसतं भिजणं.

१. हरभरा डाळ १ वाटी धुऊन २ तास भिजवा.
२. डाळ + पाणी ३ वाट्या + हळद पाव चमचा कुकरला. ४ शिट्ट्या, मग बारीक गॅस १० मिनिटं.
३. दरम्यान: कणीक दीड वाटी + मीठ चिमूटभर + तेल ३ चमचे, पाण्यानं सैल मळा. १ तास झाकून ठेवा.
४. दाणा बोटानं दाबा. पीठ झाला तरच पुढे, नाहीतर अजून २ शिट्ट्या.
५. पाणी निथळून ठेवा, ते कटाच्या आमटीला.
६. चिरलेला गूळ १ वाटी घाला. मध्यम आच, सतत हलवा, १५–२० मिनिटं. आधी पातळ होतं, मग आळतं. उलथनं उभं राहिलं की बंद.
७. वेलची-जायफळ अर्धा चमचा. गरम असतानाच यंत्रातून काढा, मग गार करा.
८. कणकेच्या गोळीत तिच्या दीडपट पुरण भरा, लाटा, दोन्ही बाजूंनी भाजा.

मेसेज आणि कार्ड शेजारी ठेवून बघा. कार्ड काही फार आखूड नाही, जवळजवळ तेवढ्याच शब्दांचं आहे. पण मेसेज ऐकायला पूर्ण वेळ द्यावा लागतो, आणि कार्डावर “मी आत्ता कुठे आहे” हे एका नजरेत सापडतं. कृती छोटी करणं म्हणजे शब्द कमी करण्यापेक्षा शोधणं कमी करणं, असं मला हे करताना दिसलं. यापेक्षा आखूड करायचं ठरवलं, तर पहिल्या झटक्यात जाणार पायरी ४ आणि “उलथनं उभं राहिलं की”. तिथे थांबायचं. बाकी “झाकून” गेलं तरी चालेल, वेलचीचं माप गेलं तरी चालेल.

कार्ड बिघडलंय हे कसं ओळखायचं? पदार्थच सांगतो. पुरणात टचटचीत दाणे लागले तर पायरी ४ कोणीतरी ओलांडली. पोळी लाटताना पुरण बाहेर येत असेल आणि ओलसर दिसत असेल, तर एक तर पाणी नीट निथळलं नाही किंवा खुणेऐवजी घड्याळ बघून गॅस बंद केला. पुरण भुसभुशीत, कोरडं झालं तर खुणेच्या पुढे गेलात. थोडं कोमट दूध शिंपडून मळलं की ते सावरतं. आणि लाटताना पोळी मागे ओढली जात असेल, फाटत असेल, तर कणीक मुरली नाही, म्हणजे “दरम्यान” हा शब्द कोणी वाचला नाही.

एक मर्यादा मात्र कुठल्याच कार्डानं सुटत नाही. “उलथनं उभं राहणं” ज्यानं एकदाही पाहिलं नाही, त्याच्यासाठी ते डिग्बींच्या स्तोत्रासारखंच आहे. “एकतारी पाक”, “तेल सुटेपर्यंत”, “खमंग वास येईपर्यंत” ही सगळी मराठी स्वयंपाकातली झिप केलेली फाइल आहे. उघडायला आधी ती गोष्ट पाहिलेली असावी लागते. नवख्या माणसासाठी कार्ड करत असाल, तर त्या एका खुणेपुरतं एक वाक्य जास्त खर्च करा: “उलथनं मधोमध उभं करून हात सोडा, न कलता राहिलं तर झालं.” ॲक्टनबाई यासाठीच खाली टीप जोडायच्या.

तर मंडळी, घरातल्या कोणाचा तरी असा लांब व्हॉइस मेसेज तुमच्या फोनमध्ये पडला असेलच. तो शेवटपर्यंत ऐका, त्यातलं “आणि हो” कुठे येतं ते शोधा, कारण हरवलेली पायरी बहुतेक वेळा तिथेच असते. आणि कार्ड केल्यावर मूळ मेसेज डिलीट करू नका. ॲक्टनबाईंनीही सारांश लिहिल्यावर वरचा परिच्छेद खोडला नव्हता.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत कटाच्या आमटीचं पाणी फेकू नका!